रायझोबियमच्या बाटलीत जिवंत जिवाणू किती? क्रमिक विरलीकरण आणि प्लेट मोजणी, पायरीपायरीने

हरभऱ्याच्या बियाण्याला पेरणीआधी लावायचे द्रवरूप रायझोबियम कल्चर विकत घेतले, की बाटलीवर जिवाणूंची संख्या छापलेली असते: एका मिलिलिटरमध्ये किमान 1 × 10⁸, म्हणजे दहा कोटी जिवंत पेशी. हा आकडा उत्पादकाच्या मर्जीचा नाही. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये २००६ साली जैविक खतांचा समावेश झाला आणि द्रवरूप रायझोबियमसाठी ही किमान मर्यादा ठरली. त्याच मानकात आणखी एक अट आहे, जिच्याकडे फार कमी लोक पाहतात: नमुना एक लाखपट पातळ केल्यावर त्यात दुसरा कोणताही जिवाणू आढळता कामा नये. या दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगात तपासता येतात. त्यासाठी लागतात काही परीक्षानळ्या, डझनभर पेट्री प्लेट आणि काटेकोर हात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा जैविक खतांच्या छोट्या युनिटमध्ये हे काम करणाऱ्यांसाठी पूर्ण पद्धत इथे देतो.

आधी उलटा हिशेब

दहा कोटी पेशी थेट मोजणे अशक्य आहे. द्रवाचा गढूळपणा मोजणारे यंत्र चटकन आकडा देते, पण त्याला मेलेली पेशी आणि जिवंत पेशी सारखीच दिसते. बाटली उन्हात पडून राहिली असेल तर नेमका हाच फरक आपल्याला हवा असतो. म्हणून नमुना इतका पातळ करायचा की त्याच्या ०.१ मिलीमध्ये शे-दोनशे पेशीच उरतील. त्या अगरवर पसरायच्या आणि प्रत्येकीची डोळ्यांना दिसेल एवढी कॉलनी होईपर्यंत थांबायचे. एक कॉलनी एकाच पेशीपासून आली की चिकटलेल्या दोन-चार पेशींपासून, हे प्लेट सांगत नाही. त्यामुळे उत्तर ‘पेशी’ असे न लिहिता ‘कॉलनी निर्माण करणारी एकके’ असे लिहितात. प्रयोगशाळेतला रोजचा शब्द सीएफयू.

एका प्लेटवर ३० ते ३०० कॉलन्या असतील तरच तो आकडा हिशेबात धरायचा, असा संकेत आहे. त्यामागे कारण आहे. कॉलन्या योगायोगाने कमीजास्त येतात आणि हा चढउतार साधारण संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. १०० कॉलन्यांमागे १० म्हणजे १० टक्के, पण ९ कॉलन्यांमागे ३ म्हणजे थेट ३३ टक्के. उलट ३०० च्या वर कॉलन्या एकमेकींत मिसळतात, अन्नासाठी झगडून लहान राहतात आणि मोजणी खऱ्यापेक्षा कमी भरते.

आता उलटे चला. मिलीला दहा कोटी असतील तर लाखपट पातळ केल्यावर मिलीला १००० उरतील आणि ०.१ मिलीमध्ये १००. म्हणून लाखपट पातळ केलेली नळी, म्हणजे 10⁻⁵, ही आपली मुख्य नळी. बाटली जुनी आणि कमजोर असू शकते, म्हणून तिच्या आधीची 10⁻⁴ घ्यायची. अपेक्षेपेक्षा दमदारही निघू शकते, म्हणून नंतरची 10⁻⁶ घ्यायची. या तीन पातळ्यांवर मिलीला तीस लाखांपासून तीनशे कोटींपर्यंतचे काहीही पकडता येते. प्रत्येक पातळीच्या तीन, अशा नऊ प्लेट.

माध्यम आणि सलाइन

रायझोबियमसाठी यीस्ट अर्क–मॅनिटॉल अगर वापरतात. एक लिटरला मॅनिटॉल १० ग्रॅम, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ०.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम, मीठ ०.१ ग्रॅम, यीस्ट अर्क ०.५ ते १ ग्रॅम आणि अगर १५ ग्रॅम. पीएच ६.८ ते ७. त्यात काँगो रेडचे ०.२५ टक्के द्रावण १० मिली घालायचे. या प्रयोगाला ३०० मिली माध्यम पुरते. काँगो रेडची पूड हाताळताना हातमोजे घाला आणि ती हवेत उडू देऊ नका. हा रंग बेन्झिडीनपासून बनतो आणि आरोग्याला घातक मानला जातो.

रंग घालण्यात सगळी मेख आहे. रायझोबियम हा रंग जवळजवळ शोषत नाही, त्याच्या कॉलन्या पांढऱ्या, अर्धपारदर्शक आणि चकचकीत दिसतात. मातीतले आणि हवेतले इतर अनेक जिवाणू रंग शोषून लालसर होतात. म्हणजे मोजणीच्याच प्लेटवर भेसळही नजरेस पडते.

माध्यम ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटे ठेवा, थोडे निवले की प्रत्येक प्लेटमध्ये २० मिलीच्या आसपास ओता. प्लेट आदल्या दिवशी ओतून रात्रभर उलट्या ठेवाव्यात. ताज्या प्लेटवर पाण्याचे थेंब असतात. त्यात पेशी वाहत जातात आणि कॉलन्यांऐवजी ओघळ उगवतात.

पातळ करण्यासाठी ०.८५ टक्के मिठाचे पाणी, म्हणजे सलाइन. नुसते डिस्टिल्ड वॉटर नको, त्यात पेशींमध्ये पाणी शिरून काही फुटतात. सहा नळ्यांमध्ये ९ मिली सलाइन हवे, आणि ‘९ मिली’ हे शब्दशः घ्या. नळ्या भरून मग ऑटोक्लेव्ह केल्या तर वाफेने पाणी घटते. समजा प्रत्येक नळीत ८.७ मिलीच उरले, तर आपण दहापट समजतो ती पातळी खरी ९.७ पट असते. एका नळीत हा ३ टक्क्यांचा फरक आहे, पण सहा नळ्यांत तो गुणत जातो आणि उत्तर सुमारे २० टक्के फुगते. म्हणून सलाइन बाटलीत निर्जंतुक करा आणि मग निर्जंतुक पिपेटने नळ्यांत मोजून घाला.

रायझोबियम डिंकासारखा पदार्थ सोडतो, त्याने पेशी पुंजक्याने चिकटून राहतात. पहिल्या नळीच्या सलाइनमध्ये ट्वीन ८० चे प्रमाण ०.०१ टक्के ठेवले तर पुंजके बरेच सुटतात.

पातळ करत जाणे

नळ्यांवर आधीच 10⁻¹ ते 10⁻⁶ लिहून ठेवा. प्लेटच्या झाकणावर लिहू नका, झाकणे बदलतात. तळाच्या कडेला बारीक अक्षरात पातळी, तारीख आणि नमुन्याचा क्रमांक लिहा.

बाटली चांगली हलवा. जिवाणू तळाशी बसलेले असतात आणि वरचा नितळ थर घेतला तर चांगली बाटलीही नापास होईल. १ मिली द्रव पहिल्या नळीत सोडा. हा द्रव चिकट असतो, टिपच्या आतल्या बाजूला त्याचा थर राहतो. त्यामुळे टिप आधी त्याच द्रवात एकदोनदा भरून रिकामी करा, मग मोजून घ्या, सावकाश सोडा आणि टिपची बाहेरची बाजू बाटलीच्या काठावर टेकवून निपटून घ्या.

नळी व्होर्टेक्सवर १० ते १५ सेकंद फिरवा. मग नवी टिप लावा आणि या नळीतून १ मिली पुढच्या नळीत. पुन्हा फिरवा, पुन्हा नवी टिप. असे सहाव्या नळीपर्यंत.

नव्या टिपच्या बाबतीत काटकसर करू नये, असे मी ठामपणे म्हणेन. जुन्या टिपला चिकटलेला थेंब आधीच्या, म्हणजे दहापट दाट नळीचा असतो. तो ०.०२ मिली असला तरी पुढच्या नळीच्या मापाने त्यात ०.२ मिलीइतके जिवाणू असतात. म्हणजे १ मिलीऐवजी जवळपास १.२ मिलीचा माल पुढे गेला. प्रत्येक पायरीला हेच घडते आणि शेवटचा आकडा खऱ्यापेक्षा बराच वर जातो.

नळ्या तयार झाल्या की प्लेटवर घालायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लावू नका. सलाइनमध्ये अन्न नसते, पेशी हळूहळू मरू लागतात.

(नमुना द्रवाऐवजी कोळशाच्या किंवा लिग्नाइटच्या पुडीतला असेल तर १० ग्रॅम पूड ९० मिली सलाइनमध्ये घालून अर्धा तास हलवा आणि तीच 10⁻¹ धरा. पुढचे सगळे सारखेच. उत्तर फक्त प्रति ग्रॅम येईल आणि मर्यादा 5 × 10⁷ आहे.)

प्लेटवर पसरणे

सर्वांत पातळ नळीपासून सुरुवात करा: आधी 10⁻⁶, मग 10⁻⁵, शेवटी 10⁻⁴. या दिशेने गेल्यास टिपला राहिलेला अंश पुढच्या दाट नळीत नगण्य ठरतो. नळी पुन्हा एकदा फिरवून ०.१ मिली प्लेटच्या मध्यावर सोडा.

काचेचा वाकवलेला स्प्रेडर अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीवरून न्या, अल्कोहोल जळून जाऊ द्या आणि अगरच्या कडेला टेकवून थंड करा. गरम स्प्रेडरने पेशी मरतात. जळता स्प्रेडर अल्कोहोलच्या भांड्यात परत बुडवला तर आग लागते, त्यामुळे भांडे ज्योतीपासून हातभर लांब ठेवा. एका हाताने प्लेट फिरवत थेंब सगळीकडे पसरवा. अगर कोरडा असेल तर थोड्याच वेळात द्रव जिरतो. तोवर प्लेट सरळ ठेवा, मग उलटी करा.

याखेरीज तीन प्लेट राखून ठेवा. एक कोरी तशीच बंद ठेवायची, माध्यम निर्जंतुक होते का ते कळते. दुसरीवर नुसते सलाइन ०.१ मिली पसरायचे. तिसरी काम चालू असेपर्यंत टेबलावर उघडी ठेवायची, म्हणजे हवेतून काय पडते ते दिसेल. या तीन प्लेट नसतील तर भेसळीबद्दल तुम्ही काहीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. ते का, ते पुढे येईलच.

सगळ्या प्लेट २८ ते ३० अंशांना, काळ्या कागदात गुंडाळून ठेवा. उजेडात रायझोबियमही काँगो रेड शोषू लागतो आणि मग चांगले-वाईट ओळखता येत नाही. हरभऱ्याच्या रायझोबियमला ३ ते ५ दिवस लागतात. सोयाबीनचा ब्रॅडीरायझोबियम संथ वाढतो, त्याला ७ ते १० दिवस द्यावे लागतात. सोयाबीनच्या प्लेट तिसऱ्या दिवशी रिकाम्या दिसल्या म्हणून कल्चर मेले असा निष्कर्ष काढू नका.

मोजणी

तिसऱ्या दिवशी प्लेट उलटी धरून मागच्या बाजूने प्रत्येक कॉलनीवर मार्करने ठिपका द्या. या वेळी त्या लहान आणि सुट्या असतात. पाचव्या दिवशी दुसऱ्या रंगाने उशिरा उगवलेल्यांवर ठिपके द्या. दोन्ही रंगांची बेरीज ही खरी संख्या. थेट पाचव्या दिवशी मोजायला बसलात तर डिंकामुळे शेजारच्या कॉलन्या एकमेकींत वितळलेल्या असतात आणि तीनच्या जागी एक मोजली जाते. पांढऱ्या आणि लाल कॉलन्यांची नोंद वेगळी ठेवा.

हिशेबासाठी एक बाटली उदाहरण म्हणून घेऊ. पांढऱ्या कॉलन्या अशा आल्या:

10⁻⁴ च्या तिन्ही प्लेटवर मोजता न येण्याइतक्या. 10⁻⁵ वर २१२, १८७ आणि २०४. 10⁻⁶ वर २४, १७ आणि १९.

३० ते ३०० मध्ये बसतात त्या फक्त 10⁻⁵ च्या प्लेट. त्यांची बेरीज ६०३, सरासरी २०१.

```
CFU/ml = सरासरी कॉलन्या ÷ (प्लेटवर घातलेले ml × विरलीकरण)
       = 201 ÷ (0.1 × 10⁻⁵)
       = 201 × 10⁶
       = 2.0 × 10⁸
```

म्हणजे मिलीला वीस कोटी. इथे सर्वांत जास्त चुकतो तो ०.१. नळी मिलीला मोजलेली आहे, पण प्लेटवर मिलीचा दहावा हिस्साच गेला. तो भागाकारात धरायचा विसरलात तर उत्तर दोन कोटी येईल आणि पास बाटली नापास ठरेल. काही जण प्लेटवरच 10⁻⁶ असे लिहून हा दहावा हिस्सा आधीच गृहीत धरतात आणि हिशेबात पुन्हा ०.१ ने भागतात, तेव्हा उत्तर दहापट फुगते. प्लेटवर नेहमी नळीचीच पातळी लिहा आणि ०.१ फक्त सूत्रात येऊ द्या.

उत्तर 2.01 × 10⁸ असे का लिहिले नाही? ६०३ चे वर्गमूळ सुमारे २५, म्हणजे नुसत्या योगायोगाचाच फरक ४ टक्के, आणि पिपेटच्या चुका त्यावर वेगळ्या. तिसऱ्या अंकाला इथे काही अर्थ नाही.

10⁻⁶ च्या प्लेट हिशेबात नाहीत, पण निरुपयोगीही नाहीत. त्यांची सरासरी २० आहे, 10⁻⁵ च्या बरोबर दहावा भाग. हात नीट चालल्याचा हा पुरावा आहे. हे गुणोत्तर थोडे हलणारच, पण 10⁻⁵ वर २०० आणि 10⁻⁶ वर ६० आल्या तर टिप बदलल्या नाहीत किंवा नळी नीट फिरवली नाही असे समजा. एकाच पातळीच्या तीन प्लेट ९०, २१० आणि ३४० अशा विखुरल्या तर पुंजके सुटलेले नाहीत किंवा ०.१ मिली दरवेळी सारखे पडलेले नाही. असा आकडा सरासरी काढून वापरू नका, पुन्हा करा. आणि 10⁻⁴ वर २५०, 10⁻⁵ वर ९० असे दिसले, तर दाट प्लेटवर कॉलन्या दबल्या किंवा मिसळल्या असण्याचीही शक्यता आहे, तिथे हाताला दोष देण्याआधी त्या प्लेट भिंगाखाली पाहा.

लाल ठिपके

संख्येत ही बाटली दुप्पट गुणांनी पास झाली. पण समजा 10⁻⁵ च्या पहिल्या आणि तिसऱ्या प्लेटवर प्रत्येकी एक गडद लाल कॉलनी आहे. लाखपट पातळ केल्यावर परका जिवाणू दिसला, म्हणजे मानकाची दुसरी अट मोडली. बाटली नापास.

हे लिहिण्याआधी लाल जिवाणू बाटलीतलाच आहे, हे सिद्ध करावे लागेल. दोन कॉलन्या हवेतूनही पडू शकतात. इथे 10⁻⁴ च्या प्लेट कामाला येतात. भेसळ बाटलीतली असेल तर ती पांढऱ्यांसारखीच पातळ होत गेली असणार. म्हणून 10⁻⁴ च्या प्रत्येक प्लेटवर, दाट पांढऱ्या थरात, पाच-दहा लाल ठिपके दिसायला हवेत. आणि राखून ठेवलेल्या तिन्ही प्लेट स्वच्छ असायला हव्यात. असे असेल तर दोष बाटलीचा. उलट लाल कॉलन्या सगळ्या पातळ्यांवर सारख्याच, एक-दोन, दिसत असतील किंवा सलाइनच्या प्लेटवरही असतील, तर त्या तुमच्या सलाइनमधून किंवा हवेतून आल्या. तेव्हा बाटलीबद्दल निकाल देता येत नाही, प्रयोग पुन्हा करावा लागतो.

लाल रंग हा इशारा आहे, ओळखपत्र नव्हे. काही रायझोबियमही फिकट गुलाबी होतात आणि काही परके जिवाणू पांढरेच राहतात. म्हणून संशयित कॉलनी आणि एक-दोन पांढऱ्या कॉलन्या ताज्या प्लेटवर पुन्हा रेघा ओढून वाढवा. त्यांचे ग्रॅम रंजन करा. रायझोबियम ग्रॅम-ऋण दंडाकार असतो, जांभळे गोल किंवा जाड दांडके दिसले तर तो रायझोबियम नव्हे. सोबत ग्लुकोज–पेप्टोन अगरवरही एक रेघ ओढा. त्यावर रायझोबियम जेमतेम वाढतो. एका रात्रीत दणकून वाढ दिसली तर ती परक्याची.

वापरलेल्या प्लेट आणि नळ्या ऑटोक्लेव्ह करूनच टाका.

या आकड्यात काय येत नाही

प्लेटवर उगवलेला प्रत्येक पांढरा ठिपका हरभऱ्याच्या मुळावर गाठ धरेलच असे नाही. वाटाण्याचा रायझोबियम हरभऱ्याच्या बाटलीत भरला तरी प्लेटवर पांढऱ्याच कॉलन्या दिसतील आणि वीस कोटींचा आकडा तसाच येईल. ते तपासायला रोपच लागते. बियाणे पृष्ठभागावर निर्जंतुक करून निर्जंतुक वाळूच्या कुंड्यांत लावा, नत्र नसलेले पोषक द्रावण द्या. अर्ध्या कुंड्यांत कल्चर घाला, अर्ध्या तशाच ठेवा. चार-पाच आठवड्यांनी रोपे अलगद उपटून मुळे धुवा. कल्चर घातलेल्या रोपांच्या गाठी चिरल्यावर आतून गुलाबी-लालसर निघाल्या तर त्या नत्र बांधत आहेत. पांढऱ्या किंवा हिरवट निघाल्या तर गाठी असूनही उपयोग नाही. कल्चर न घातलेल्या रोपांवर गाठी आल्या तर वाळू किंवा पाणी निर्जंतुक नव्हते, आणि ही चाचणीही नव्याने लावावी लागेल.